४६,८०० ची ती ओळ

पुणे, १२ मार्च २०२५

प्रिय नंदू,

तू पाठवलेला जाहिरातीचा मजकूर दोनदा वाचला. 'ईएलएसएसमध्ये गुंतवा, ३१ मार्चपूर्वी ४६,८०० रुपये वाचवा, खात्रीशीर परतावा मिळवा.' यातला 'खात्रीशीर' आधी काढ. हा पैसा शेअर बाजारात जातो, आणि परताव्याची हमी देणं सेबीच्या जाहिरात संहितेत बसत नाही.

४६,८०० चा आकडा खोटा नाही. ८०सीची मर्यादा दीड लाखाची, त्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर धरला की तेवढेच होतात. पण ते मिळतात कुणाला? जुनी करप्रणाली घेतलेल्या, ८०सीची मर्यादा अजून कोरी असलेल्या आणि हे दीड लाख वजा करूनही करपात्र उत्पन्न १० लाखांच्या खाली न येणाऱ्या माणसाला. नोकरदाराचा पीएफ आधीच याच मर्यादेतून जातो. समज, वर्षाला ९०,००० पीएफ कापला जातो. मग उरले ६०,०००. त्यावर ३० टक्केवाल्याचे १८,७२० वाचतील, २० टक्केवाल्याचे १२,४८०. नव्या प्रणालीत असेल तर काहीच नाही, आणि २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही तर नवीच लागू होते. म्हणून 'पर्यंत' हा शब्द आणि या अटी आकड्याला लागूनच हव्यात. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टाकल्या तर वाचणाऱ्याच्या मनात आकडाच राहतो.

मला सगळ्यात जास्त खटकली ती तारीख. यंदा २९ ला शनिवार, ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईदची बाजाराला सुट्टी. युनिट ज्या दिवसाच्या भावाने मिळतात, त्या दिवशी दुपारी ३ च्या आत पैसे फंडाच्या खात्यात पोचलेले लागतात. नुसता अर्ज देऊन भागत नाही. म्हणजे खरी शेवटची वेळ शुक्रवार, २८ मार्च, दुपारी ३. तुझी ओळ वाचून कुणी सोमवारी पैसे भरले, तर युनिट एप्रिलमध्ये मिळतील आणि या वर्षाची वजावट हातची जाईल.

मी असं लिहिलं असतं:

'जुनी करप्रणाली निवडली आहे? ८०सीमध्ये जागा शिल्लक आहे? ईएलएसएसमधील गुंतवणुकीवर ४६,८०० रुपयांपर्यंत करबचत शक्य (३० टक्के कराचा टप्पा, पूर्ण दीड लाखाची वजावट, उपकरासह). पैसे तीन वर्षे काढता येत नाहीत. पैसे २८ मार्च, दुपारी ३ पूर्वी फंडाच्या खात्यात जमा व्हायला हवेत. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा.'

एसआयपीची जाहिरात वेगळी कर. तिथे तीन वर्षं प्रत्येक हप्त्याची स्वतंत्र मोजली जातात, आणि लोक पहिल्या हप्त्यापासून धरून बसतात.

हे तुमच्या कम्प्लायन्सकडून मंजूर होऊन २० तारखेच्या आत बाहेर पडू दे, म्हणजे चेकने भरणाऱ्यांनाही वेळ मिळेल.

तुझा,
मिलिंद