आगोटची सामाईक कोठी : ३०० रुपयांत एका माणसाचा एक आठवडा

वाडीतील समस्त ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, शाळेच्या वरच्या खोलीत साठ माणसांना सात दिवस पुरेल इतकं कोरडं धान्य भरून ठेवायचं मंडळाने ठरवलं आहे. त्यासाठी पैसे हवेत, थोडी भांडी हवीत आणि दोन दिवस हात हवेत. काय हवं आणि काय नको हे नीट सांगायचं आहे, म्हणून पत्र लांबलं आहे. एकदा शेवटपर्यंत वाचा.

२२ जुलै २०२१ सगळ्यांना आठवत असेल. रात्रभर कोसळला आणि सकाळी वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत होती. २००५ च्या २६ जुलैलाही पूर आला होता, त्यामुळे जुन्या दुकानदारांनी त्या वेळच्या खुणेच्या वर माल चढवला होता. पाणी तीही खूण ओलांडून गेलं. आपली वाडी उंचावर, आपल्या उंबऱ्याला पाण्याचा थेंब लागला नाही. पहिल्या दिवशी आपण सुटलोच असं वाटलं होतं. पण वीज गेली ती गेलीच. मोबाइलचे मनोरे बंद पडले, महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खराब झाल्याने गाड्या थांबल्या, कोकण रेल्वेही थांबली. आणि जिथून आपण मीठ-मिरचीपासून सगळं आणतो ती पेठच चिखलात गेली. किराणा दुकानांची कोठारं तळमजल्याला. पाणी ओसरल्यावर उघडली तेव्हा आत फुगलेली, आंबलेली पोती होती. खिशात पैसे असून विकत घ्यायला काही नव्हतं.

खालच्या वाडीतली नदीकाठची घरं आपल्याकडे वर आली. त्यांना शाळेत ठेवलं आणि प्रत्येक घरातून एक-एक पायली तांदूळ जमा केला. दोन दिवस ठीक गेलं. तिसऱ्या दिवशी जे समजलं त्यासाठी हे पत्र.

वाडीत धान्य होतं. कित्येकांच्या कणगीत भात होता, डब्यात गहू होते, तांदळाच्या भाकरीसाठी वेगळा काढून ठेवलेला तांदूळ होता. पण भात भरडायची गिरणी विजेवर, दळायची चक्की विजेवर, वाटण करायचा मिक्सर विजेवर. नळपाणी योजनेचा पंपही विजेवर. एका घरातलं उखळ-मुसळ बाहेर निघालं, पण चाळीस माणसांचं भात रोज कांडायचं म्हणजे काय ते कांडणाऱ्या बायकांनाच विचारा. दुसऱ्या घरातलं जातं इतकं वर्षं पालथं पडलेलं की त्याला टाकीच लावलेली नव्हती. पीठ निघायच्या ऐवजी कण्या निघाल्या. शेवटी त्या कण्यांची पेज केली.

म्हणून कोठीत काय ठेवायचं याचा नियम एकच केला आहे : जे दळावं, भरडावं, वाटावं किंवा थंड ठेवावं लागतं ते नको. ते घरच्या बेगमीत असू दे, सामाईक कोठीत नको.

एका माणसाला सात दिवसांसाठी लागेल असा हिशेब असा : तांदूळ दोन किलो, पोहे अर्धा किलो, डाळ आणि कुळथाचं पीठ मिळून अर्धा किलो, तेल पाव लिटर, गूळ पाव किलो, शेंगदाणे पाव किलो. एवढ्यातून रोज साधारण २१०० कॅलरी मिळतात, आणि आपत्तीत माणशी एवढंच धरून मदतीचं नियोजन करतात. पोट भरेल, चैन होणार नाही. साठ माणसांचे धरले तर तांदूळ १२० किलो, पोहे ३०, मसूर डाळ २०, कुळथाचं पीठ १०, तेल १५ लिटर, गूळ आणि शेंगदाणे १५-१५ किलो. वर मीठ पाच किलो, हळद, तिखट, आमसुलं, लसूण. सध्याच्या भावाने मीठ-मसाला धरून माणशी ३०० रुपयांच्या आसपास जातं. म्हणजे धान्याचे १८,००० आणि झाकणाची पिंपं, फळ्या, तुरटी, मेणबत्त्या यांचे ६,०००. एकूण २४,००० रुपये जमवायचे आहेत. ज्याला जमेल त्याने एका माणसाचा आठवडा उचलावा, ज्याला शक्य त्याने चौघांचा.

साठ माणसं कुठून आली? खालच्या वाडीतली नदीलगतची घरं, आणि वरच्या वाडीत एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या. बाकीच्यांनी आपापल्या घरात हाच हिशेब लावून सात दिवसांचं वेगळं काढावं. पाच माणसांचं घर असेल तर १० किलो तांदूळ, अडीच किलो पोहे, अडीच किलो डाळ-पीठ, सव्वा लिटर तेल. रोजच्या डब्यात मिसळू नका. मिसळलं की जूनमध्येच संपतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

तांदूळ उकडाच घ्यायचा आहे. काहींनी घरचा लाल तांदूळ देऊ केला, त्यांचे मनापासून आभार, पण लाल तांदळावर कोंडा असतो, कोंड्यात तेल असतं आणि पावसाळ्याच्या दमटपणात त्याला वास लवकर येतो. पोरकिडेही त्यावर आधी चढतात. उकड्याचा दाणा टणक, तो टिकतो. तूरडाळीऐवजी मसूर, कारण कुकरशिवाय उघड्या टोपात ती लवकर शिजते, आणि आधी तासभर भिजवली तर सरपण आणखी वाचतं. कुळथाच्या पिठाबद्दल आपल्याकडे सांगायला नको. भाजून दळलेलं असल्याने ते टिकतं, आणि पिठी-भाताला लसूण, तिखट आणि आमसूल एवढंच लागतं. २०२१ ला चौथ्या दिवशी एका घरातून पिठीचा डबा आला तेव्हा मुलांनी प्रथमच पोटभर जेवण केलं. तो डबा आधी का आला नाही, यावर त्या घरात अजून वाद चालू आहे.

गव्हाचं पीठ आणि रवा कृपया देऊ नका. जुलैत पिठाला जाळी धरते, रव्यात अळ्या होतात. सुकट, बोंबील, सोडे ज्याचे त्याने आपल्या घरी ठेवावेत. खोली एक आणि जेवणारे सगळ्या तऱ्हेचे, शिवाय मध्येच श्रावण लागतो. जुने कपडे तर अजिबात नकोत. मागच्या वेळी आलेली गाठोडी शाळेच्या व्हरांड्यात भिजून कुजली आणि ती उचलायलाच दोन दिवस गेले.

धान्य भरताना खरी जोखीम ओलीची आहे. दुकानातून आणलेलं पोतं तसंच पिंपात ओतलं तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि आत बुरशी धरते. म्हणून मे अखेरीच्या उन्हात अंगणात ताडपत्री टाकून तांदूळ आणि डाळ दोन दिवस वाळवायची, सावलीत थंड होऊ द्यायची आणि मगच भरायची. गरम धान्य भरलं तर झाकणाच्या आतून पाणी सुटतं. कोरडं झालं का ते बघायला सोपी खूण आहे. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर तांदूळ आणि चमचाभर पूर्ण सुकं मीठ घालून जोरात हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात अजून ओल आहे. दाण्याला दात लावला की तो कट करून तुटायला हवा, चपटा होता कामा नये. पोहे उन्हात न टाकता कढईत मंद आचेवर थोडे गरम करून घ्यायचे, नाहीतर चुरा होतो.

पिंपं जमिनीवर टेकवायची नाहीत. खाली फळ्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर, कारण पावसाळ्यात भिंतच पाणी सोडते. दर पंधरा दिवसांनी दोघांनी जाऊन प्रत्येक पिंपात हात खोल घालायचा. आत ऊब लागली तर कीड किंवा ओल आहे असं समजायचं आणि ते पिंप आधी रिकामं करायचं. पोरकिडे झालेला तांदूळ चाळून, निवडून, धुऊन खाता येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेंगदाण्यांचं तसं नाही. हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा कडवट चव लागली तर ते शेंगदाणे फेकूनच द्यायचे. धुऊन, भाजून ते विष जात नाही. म्हणून शेंगदाणे एकाच पिंपात न ठेवता दोन-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवणार आहोत.

पाण्याचं थोडक्यात. साठ माणसांना नुसतं प्यायला रोज १८० लिटर लागतं. सगळं साठवणं शक्य नाही, म्हणून २०० लिटरची दोन पिंपं इशारा आला की भरून ठेवायची आणि पुढे पागोळ्यांचं पाणी धरायचं. पाऊस लागून दोन-तीन दिवस झाले की कौलं धुऊन निघालेली असतात. ते पाणी फडक्यातून गाळून, उकळून प्यायचं. विहिरीत गढूळ पाणी शिरलं असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं आणि मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर ती गाळावरच खर्च होते.

सरपण शाळेच्या मागच्या पडवीत रचायचं आहे, प्रत्येक घरातून एक भारा. गॅसच्या भरलेल्या १४.२ किलोच्या तीन टाक्या उसन्या हव्यात. ज्यांच्याकडे दुसरी टाकी आहे त्यांनी नाव द्यावं. टाकी घरीच ठेवा, लागली तरच नेऊ आणि वापरली तर मंडळ भरून देईल. इंडक्शनची शेगडी कुणीतरी देऊ केली होती. देणाऱ्याचा भाव कळला, पण त्या आठवड्यात तिचा उपयोग पाटासारखाच.

एक आक्षेप सभेत आला होता आणि तो रास्त आहे : पूर आलाच नाही तर एवढ्या धान्याचं काय? गणपतीच्या आधी कोठी उघडायची आणि धान्य खरेदीच्या भावाने वाडीतच विकायचं असं ठरलं आहे. सणाला तांदूळ, गूळ, तेल सगळ्यांनाच लागतं. आलेले पैसे पुढच्या वर्षीच्या कोठीसाठी राहतील, म्हणजे २४,००० एकदाच मागावे लागतील, दरवर्षी फक्त तुटीचे. जमाखर्चाचा कागद शाळेच्या फळ्याशेजारी लावला जाईल आणि त्याचा फोटो मुंबईकर मंडळींना पाठवू.

वाडीतल्यांनी वर्गणी खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घ्यावी. मुंबईकरांनी आपल्या मंडळाच्या मासिक सभेत जमा करावी, रक्कम एकत्र येईल. वस्तू द्यायच्याच असतील तर आधी विचारा, नाहीतर चाळीस किलो साखर आणि शून्य डाळ अशी गत होते. खरेदी मेच्या शेवटच्या आठवड्यात एकाच दुकानातून, एकाच गाडीने होईल.

वाळवणीसाठी शाळेच्या अंगणात सकाळी आठला या. येताना घट्ट झाकणाचा रिकामा डबा असेल तर घेऊन या. पत्र्याचा चालेल, पण गंजलेला किंवा रॉकेलचा वास येणारा नको.

आपले,
ग्रामस्थ मंडळ