मनूचा पहिला पूर्ण स्वयंपाक (फोटोखाली मावला नाही म्हणून पत्र)

प्रिय आई-बाबा,

ग्रुपवरचा फोटो बघितलात ना? त्याखाली मी नुसतं "आजची शेफ" टाकलं, पण ते फारच कमी झालं, म्हणून हे लिहितेय.

काल मनूने एकटीने सगळा स्वयंपाक केला, वरण, भात, बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. मी ओट्यापासून लांब उभी, गॅसकडे लक्ष आणि तोंडाला कुलूप (बाबा, हसू नका, जमलं मला). एकेक पदार्थ तिला आधीपासून येतो हो, पण चारही एकाच वेळी ताटात गरम यायचे म्हणजे खरी परीक्षा. तर हिने चक्क टाइमटेबल केलं! आठला जेवायचं, मग उलटं मोजत भाजी साडेसातला, कुकर सात चाळीसला, असं सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं. कुकरच्या एका भांड्यात डाळ, दुसऱ्यात दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी, मोजताना वाटी डोळ्यासमोर धरून बघत होती, औषध मोजतात तसं.

शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला आणि बाईसाहेब झाकण उघडायला निघाल्या. वाफ जिरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात हे टाइमटेबलात नव्हतंच! आणि त्यानंतर डाळ घोटून फोडणी द्यायची ती वेगळीच. पण चिडली नाही, पेन घेऊन आली आणि आठ खोडून सव्वाआठ केलं, वर आम्हाला सांगितलं की "जेवणाची वेळ बदलली आहे, कृपया नोंद घ्यावी."

तेवढ्यात भाजीची गंमत. फोडी काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या, त्यामुळे बारक्या विरघळायला लागल्या तरी मोठ्यांत सुरी जाईना. तिने स्वतःच मोठ्या फोडी उलथन्याने अर्ध्या केल्या, पाण्याचा हबका मारला, गॅस बारीक करून झाकण ठेवलं. मी काही बोलले नव्हते हं. कोशिंबिरीत मात्र मीठ सातलाच घालून ठेवलेलं, काकडीला इतकं पाणी सुटलं की वाढताना पळी लागली. तिच्या बाबांनी ती वाटीला तोंड लावून प्यायली आणि सूप छान झालंय म्हणाले, तेव्हा मॅडमचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

वरण-भात अगदी मोकळ्या मनाने सांगते, उत्तम. भाताचं शीत न् शीत मोकळं, मीठ बरोब्बर. मी दोनदा घेतला. आम्ही जेवत होतो आणि ती स्वतः न जेवता प्रत्येकाच्या ताटात काय उरलंय ते बघत बसलेली, आई, अगदी तुझ्यासारखी.

पुढच्या रविवारी आमटी करायची म्हणतेय आणि त्यासाठी तुला फोन येणार आहे. "अंदाजाने घाल" हे उत्तर तिला चालणार नाही, तेव्हा चिंच-गूळ किती ते आधीच चमच्याने मोजून ठेव.

तुमची,
ताई