दोनदा दुरुस्त होऊनही नादुरुस्त राहिलेल्या स्पीकरबाबत तक्रार

दिनांक : 30 जून 2025

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली

विषय : ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 35 नुसार तक्रार. जाबदार क्र. 1 विक्रेता, क्र. 2 अधिकृत सेवा केंद्र, क्र. 3 उत्पादक कंपनी.

महोदय,

मी विश्रामबाग, सांगली येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. 12 ऑक्टोबर 2024 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, जाबदार क्र. 1 यांच्याकडून मी 11,490 रुपयांना ट्रॉली स्पीकर घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे. आमच्या कॉलनीतल्या महिलांचं भजनी मंडळ माझ्या घरी दर रविवारी बसतं, त्यासाठीच ही खरेदी होती. तो भाड्याने दिलेला नाही आणि त्यातून कसलीही कमाई होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यात बिघाड दिसला. स्पीकर सुरू केल्यावर आवाज स्वच्छ येतो. वीस-पंचवीस मिनिटांनी खरखर सुरू होते, मग आवाज तुटत तुटत बंद पडतो. अर्धा-पाऊण तास बंद ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा वाजतो.

3 मार्चला मी तो सेवा केंद्रात दिला. पहिल्या जॉबशीटवर माझी तक्रार 'आवाजात खरखर' एवढीच लिहिली. 'काही वेळ वाजल्यावर' हे शब्द घाला असं मी काउंटरवर सांगितलं होतं, ते घातले नाहीत. 19 मार्चला स्पीकर परत मिळाला. केलेलं काम : 'सॉफ्टवेअर अपडेट, पाच मिनिटे चाचणी, ओके'. वीस मिनिटांनी येणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत सापडेलच कसा? माझ्या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

6 एप्रिलला रामनवमीच्या भजनात, जन्मकाळाच्या थोडं आधी, स्पीकर पुन्हा बंद पडला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी, 7 एप्रिलला, मी तो परत दिला. दुसऱ्या जॉबशीटवर तक्रार 'आवाज कमी' अशी नोंदवली गेली, जी मी केलेलीच नव्हती. मी सही करताना त्याखाली पेनाने 'वीस मिनिटांनी खरखर, नंतर बंद' असं लिहिलं. प्रतीवर ते दिसेल. 9 मेला, 32 दिवसांनी, 'वूफर बदलला, चाचणी ओके' अशा शेऱ्यासह स्पीकर मिळाला. जुना वूफर मागितला, तो दिला नाही.

11 मेला घरी घड्याळ समोर ठेवून मी स्पीकर लावला. 23 व्या मिनिटाला खरखर आली. पाऊण तास थंड होऊ दिला, मग ब्लूटूथ बंद करून दुसऱ्या फोनवरून ऑक्स वायरने वाजवला. साधारण तेवढ्याच वेळात तेच. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवला, तरी तेच. या दोन्ही प्रयोगांचे व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये जोडले आहेत. फोन, ब्लूटूथ आणि चार्जर बदलूनही दोष कायम राहिला, वूफर तर नवा होता. म्हणजे बिघाड बहुधा आतल्या अॅम्प्लिफायर बोर्डवर आहे. तापल्यावर सुटणारा सोल्डरचा जोड किंवा तापून आवाज तोडणारी आयसी, दोन्हींत लक्षणं अशीच दिसतात. त्यातलं नेमकं कोणतं, हे बोर्ड तपासूनच ठरेल, आणि दोन्ही जॉबशीटवर बोर्डाचा उल्लेखही नाही.

13 मेला तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा "काका, दोनदा करून दिलाय, आता कंपनीशी बोला," असं सांगून नवीन जॉबशीट करायला नकार दिला. वॉरंटीचे पाच महिने शिल्लक असताना हे घडलं. 14 मेला कंपनीला ईमेल केला. 2 जूनला तिन्ही जाबदारांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पोहोच आली, उत्तर आलं नाही.

स्पीकर एकूण 48 दिवस सेवा केंद्रात पडून होता आणि दोष जसाच्या तसा आहे. वस्तूत दोष आहे आणि सेवेत त्रुटीही आहे, असं माझं म्हणणं आहे.

जाबदारांनी दोष नाकारल्यास कलम 38 नुसार स्पीकर योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा. चाचणी सलग किमान 40 मिनिटं, नेहमीच्या आवाजात घ्यावी, असा आदेशात स्पष्ट उल्लेख असावा; नाहीतर तिथूनही 'ओके' असाच शेरा येईल. तपासणीचं शुल्क आधी भरायला मी तयार आहे.

माझी मागणी अशी की 11,490 रुपये परत मिळावेत किंवा त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद स्पीकर नव्या वॉरंटीसह मिळावा. तिसरी दुरुस्ती मला नको. हेलपाटे, मनस्ताप आणि तक्रारखर्च मिळून 5,000 रुपये द्यावेत.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉबशीट, ईमेल, नोटीस व पोहोच यांच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्र जोडले आहे. मूळ जॉबशीट सुनावणीला दाखवीन. स्पीकर 13 मेपासून उघडलेला नाही. आयोग सांगेल तेव्हा आहे त्या स्थितीत हजर करीन.

आपला विश्वासू,
तक्रारदार
विश्रामबाग, सांगली