सिस्टर काकू, आमच्या घरचा कावळा तुम्ही उडवलात

प्रिय सिस्टर काकू,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन जिने खाली राहता, तरी पत्र लिहिते आहे. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय मोडला असता. शिवाय चिऊच्या वर्गातल्या तीन-चार आया मला विचारत असतात, की तुमच्या काकूंनी मुलीला नक्की सांगितलं तरी काय? म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय. तुमचं नाव घातलेलं नाही. सोसायटीत सगळे तुम्हाला सिस्टर काकूच म्हणतात, तेवढं पुरे.

सुरुवात त्या गणपतीपासून करते. चिऊ चौथीत होती. सासूबाई गावाहून आल्या होत्या आणि नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी मला पाळी आली. मी आरतीला आतल्या खोलीतच थांबले. चिऊने विचारलं, आई का येत नाही? सासूबाई म्हणाल्या, "तिला कावळा शिवलाय." मीही काही बोलले नाही. माझ्या आईने मला हेच सांगितलं होतं, तिला तिच्या आईने.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी गॅलरीत केरसुणी घेऊन उभी. कठड्यावर कावळा आला की हाकलायची. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती, ही हलेना. "मी गेले तर तो परत येऊन तुला शिवेल" म्हणाली. मला हसू आलं आणि मग फार लाज वाटली. आठ-नऊ वर्षांचं पोर माझ्यासाठी पहारा देत होतं, तेही आम्ही सांगितलेल्या थापेवर विश्वास ठेवून.

त्याच संध्याकाळी तिने तुम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "काकू, कावळा चावतो का?" तुम्ही तिला काही न सांगता आधी वर माझ्याकडे आलात. "तू सांगतेस की मी सांगू? पण कुणीतरी खरं सांगा." मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी ऐकते. त्या क्षणी माझ्याकडे शब्दच नव्हते. 'अडचण', 'बाहेरची', 'प्रॉब्लेम', 'ते', एवढीच काय ती माझी शब्दसंपत्ती.

तुम्ही मटार सोलायला घेतलेत आणि तिलाही दिलेत. नंतर कळलं, तुमची पद्धतच तशी. हात कामात असले की मुलाला डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही फक्त नावं सांगितलीत. मुलींना खाली तीन वेगळ्या वाटा असतात: लघवीची, शीची आणि मधली योनीची. नाक, कान म्हणतो तसंच योनी म्हणायचं. सदतीस वर्षांची मी बाजूला बसून ऐकत होते आणि तो शब्द घरात मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. (पॅड लावल्यावर लघवी कशी करायची, हा प्रश्न मला बारा वर्षांची असताना पडला होता. विचारायची सोय नव्हती. तुमच्या तीन वाटांत त्याचं उत्तर होतं.)

मग सांगितलंत, "पोटात खाली एक छोटी पिशवी असते, गर्भाशय. मोठ्या बाईची तिच्या मुठीएवढी. दर महिन्याला तिच्या आतून एक मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं तर ते त्याच्या कामाला येतं, नाही राहिलं तर गळून बाहेर येतं. त्याच्याबरोबर थोडं रक्त येतं. आईला येतं ते हेच, यालाच पाळी म्हणतात." चिऊ म्हणाली, लागत नाही तर दर महिन्याला करायचं कशाला? तुम्ही हसलात. "शरीराला आधी कुठे कळतं? पाहुणा येवो न येवो, गादी घालून ठेवतं." मग तिने घाबरत विचारलं, मला पाळी आली की बाळ होणार? "नाही गं. बाळ व्हायला आणखी बरंच काही लागतं. तू विचारशील तेव्हा तेही सांगेन." आणि पुढे कधीतरी तिने विचारलं तेव्हा खरंच सांगितलंत.

मी मध्येच शहाणपणा करून म्हणाले, "म्हणजे शरीरातलं खराब रक्त बाहेर पडतं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तिच्याकडे नाही. "खराब कसलं? गुडघा फुटल्यावर येतं तेच हे. वास येतो तो बाहेर हवा लागून, पॅड तासन्‌तास तसंच राहिल्यावर. खराब म्हणालीस की पोरीला वाटणार, आपल्या आत काहीतरी घाण आहे."

पुढे मे महिन्यात, चौथीचा निकाल लागल्यावर, अंघोळ घालताना तिच्या डाव्या छातीत बटणाएवढी कडक गाठ हाताला लागली. दाबली की ती "आई गं" करायची. उजवीकडे काहीच नाही. मी रात्रभर जागी, मनात नको नको ते. सकाळी साडेसातला तुमची बेल वाजवली. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हिचं वयात येणं सुरू झालंय. एका बाजूने आधी येते, दुसरी काही महिन्यांनी. सारखी दाबून बघू नकोस." वयाच्या आठव्या वर्षाआधी हे दिसलं असतं, किंवा गाठ लाल, गरम झाली असती, तर तुम्हीच मला डॉक्टरांकडे पाठवलं असतं, हेही सांगितलंत.

मग तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून हिशेब सांगितलात. तो मी पाठच केला. गाठ आल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. मधल्या काळात उंची भराभर वाढते, केस येतात, घामाला वास येऊ लागतो. पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट, चिकट डाग दिसू लागतात, तो आजार नसतो. "म्हणजे तुला दोन वर्षांची नोटीस मिळालीय," तुम्ही म्हणालात. आमच्या पिढीला नोटीस आलीच होती, पण ती वाचता येत नव्हती. मला शाळेत डाग पडला तेव्हा मी स्वेटर कमरेला बांधून घरी आले आणि आपण मरणार अशी खात्री धरून दोन दिवस गप्प बसले.

सहावीत दिवाळीच्या सुमारास तिने स्वतःच येऊन सांगितलं, "आई, पांढरं सुरू झालं." इतकं सहज, जसं दात हलतोय म्हणून सांगावं. त्याच आठवड्यात तुमची ती बिटाची शाळा झाली. तुम्ही बीट उकडलेलं पाणी वाटीत घेतलंत आणि एका पॅडवर पोह्यांच्या चमच्याने तीन चमचे ओतलंत. "बहुतेक बायकांचं पाच दिवसांचं मिळून एवढंच." चिऊ बघतच राहिली. "बस्स? मला वाटलं बादलीभर." मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगते. मग पॅड उलटं करून चिकटवायचं कसं, चार ते सहा तासांनी बदलायचं, भिजलं नसलं तरी. आणि दर तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजायला लागलं, किंवा सात दिवसांपेक्षा जास्त चाललं, तर डॉक्टर.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नसतीत तर सगळी तयारी वाया गेली असती. "पहिल्यांदा लाल दिसेलच असं नाही. चॉकलेटी, तपकिरी डाग असतो बऱ्याचदा. शी लागली असं वाटतं."

आणि तसंच झालं. यंदा ऑगस्टमध्ये, सातवीत, गणिताच्या तासाला. तिने बाथरूममध्ये जाऊन बघितलं, चॉकलेटी डाग. दप्तरातल्या फुलाफुलांच्या पाऊचमध्ये पॅड आणि जादा चड्डी तुम्ही सांगितल्यापासून होतीच. ते घ्यायला ती वर्गात परत आली आणि सरांना म्हणाली, "सर, मला पाळी आलीय, मला दहा मिनिटं लागतील." सर फळ्याकडे वळून म्हणाले, "हो हो, जा." एवढंच. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं म्हणे. हिने त्याला विचारलं, "काय झालं?" आणि त्याला उत्तर सुचलं नाही.

घरी आली तर सासूबाई नेमक्या आलेल्या. माझ्या पोटात गोळा. त्यांनी तिला देवघरात जाऊ दिलं नाही आणि ती गोष्ट अजूनही तशीच आहे, तुमच्यापाशी लपवत नाही. पण संध्याकाळी तुम्ही शिरा घेऊन आलात आणि वाद न घालता त्यांनाच विचारलंत, "तुमच्या वेळी कसं होतं हो?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सांगायला लागल्या. जुन्या लुगड्याच्या घड्या. कुणाला दिसू नयेत म्हणून गोठ्यामागच्या अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायच्या. पावसाळ्यात वाळायच्याच नाहीत, ओल्याच घ्यायच्या. "मांड्या सोलवटायच्या, खाज यायची, पण सांगणार कुणाला?" तुम्ही एवढंच म्हणालात, "कापडात वाईट काही नव्हतं. साबणाने धुऊन उन्हात टाकलं असतंत तर काही झालं नसतं. लपवल्यामुळे झालं ते." चिऊने आजीच्या मांडीवर हात ठेवला. सासूबाईंनी तो बाजूला केला नाही. चार दिवस शिवायचं नसतं, हे तोपर्यंत त्यांनीच दोनदा सांगून झालं होतं.

आता चिऊच्या बाबांना दुकानदार पॅडचा पुडा कागदात गुंडाळून द्यायला लागला की ते "राहू द्या" म्हणतात. उलट वापरलेलं पॅड आम्ही कागदात नीट गुंडाळतो आणि त्यावर लाल ठिपका काढतो, कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना हाताने उघडून बघायला लागू नये म्हणून. ती सवयही तुमचीच. काळ्या पिशवीत लपवून टाकताना त्या ताईंचा विचार माझ्या कधी मनातही आला नव्हता.

सप्टेंबर कोरडा गेला तेव्हा मात्र मी परत घाबरले, आणि तुम्ही फोनवरच आटोपलंत: पहिली दोन-तीन वर्षं पाळी पुढेमागे होते, दीड महिन्याचंही अंतर पडतं. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आली. पोटात दुखलं, गरम पाण्याच्या पिशवीने थांबलं. दर महिन्याला शाळा बुडेल इतकं दुखलं तर मात्र सहन करत बसायचं नाही, हे तिने मला सांगितलं. तुमचेच शब्द, तिच्या तोंडून.

एक काम राहिलंय. धाकटा परवा जेवताना म्हणाला, ताईला सगळं सांगितलं, मुलांचं काय होतं ते मला कोण सांगणार? बाबांनी भात चिवडायला सुरुवात केली. रविवारी दोघांना खाली पाठवते. मटार तेवढे आणून ठेवते.

तुमची,
चिऊची आई