अस्सलबरहुकूम नक्कल आणि मोबाइलचा स्क्रीनशॉट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात नकला देणाऱ्या विभागात माझी २९ वर्षे गेली. कुणाच्या बापजाद्यांचा जुना दस्त यायचा, आम्ही त्याची नक्कल करायचो. मग एक जण मूळ कागद वाचायचा, दुसरा नकलेवर बोट ठेवून ताडायचा, आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच शिक्का बसायचा. आमच्या आजोबांच्या काळातल्या मराठी कागदांवर याच कामासाठी ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे शब्द लिहिलेले सापडतात. नकलेला किंमत होती ती खाली सही करणाऱ्या माणसामुळे. अस्सल कुठे आहे ते मी पाहिले, ही नक्कल त्याबरहुकूम आहे आणि चूक निघाली तर जबाबदार मी, असे तो लिहून देत असे.

हे आठवायचे कारण माझी भाची. ती सुदामानगरात राहते आणि लग्नसमारंभांना पोळी-भाजी, गोडाचे जेवण पुरवते. मागच्या लग्नसराईत एका कार्यक्रम ठरवणाऱ्या गृहस्थांनी तिच्याकडून चार समारंभांचे जेवण घेतले आणि २,८६,००० रुपये थकवले. दर, ताटांची संख्या, आगाऊ रक्कम, सगळे व्हॉट्सअॅपवर ठरलेले. तिने वसुलीचा दावा लावला आणि गप्पांचे ३८ रंगीत प्रिंट जोडले. तिच्या मते सगळा दावा ज्यावर उभा होता तो समोरच्याचा एक संदेश: ‘मान्य है, दिवाली बाद कर दूँगा.’

पुराव्याच्या तारखेला न्यायाधीश महोदयांनी प्रिंट चाळले आणि विचारले, हे कोणत्या मोबाइलमधून काढले, तो मोबाइल कुठे आहे, प्रमाणपत्र लावले आहे का? भाचीला रडू आले. तिला वाटले, आपल्यावर अविश्वास दाखवताहेत. गल्लीतही तेच बोलले गेले, की खरे बोलणाऱ्यालाच त्रास. मला मात्र तो प्रश्न ऐकून आमचा शिक्का आठवला. नक्कल समोर आहे, अस्सल कुठे आणि सही कोणाची, एवढेच न्यायालय विचारत होते.

तिच्याच प्रिंटमधली एक जागा सांगतो, म्हणजे प्रश्न का आला ते कळेल. प्रिंटमध्ये तिचा संदेश दिसतो, ‘एकूण बाकी २,८६,०००’, आणि लगेच खाली त्यांचा, ‘मान्य है.’ प्रतिवादीने लेखी उत्तरात म्हटले, की या दोहोंच्या मध्ये आणखी दोन संदेश होते. आपण लिहिले होते की ५० ताटे कमी पडली, त्याचे पैसे कापा. तिने लिहिले होते, ठीक, २८० प्रमाणे १४,००० कमी करते. ‘मान्य है’ हे त्या २,७२,००० ला होते.

भाची म्हणते, असे काही नव्हते, आणि मी तिला लहानपणापासून ओळखतो. पण कागदाकडे पाहून कोण सांगणार? व्हॉट्सअॅपवर एखादा संदेश ‘सर्वांसाठी’ खोडला तर तिथे संदेश खोडल्याची ओळ उरते. ‘फक्त माझ्यासाठी’ खोडला तर आपल्या पडद्यावर काहीच खूण उरत नाही, वरचा संदेश सरळ खालच्याला येऊन चिकटतो. मग स्क्रीनशॉट काढला तर त्यातले एकही अक्षर खोटे नसते आणि अर्थ मात्र १४,००० रुपयांनी बदललेला असतो. ३८ पानांचे प्रिंट कितीही चकचकीत असले तरी ही गोष्ट त्यांत दिसू शकत नाही. ती तपासता येते फोनमध्ये, आणि त्याहून अधिक समोरच्याच्या फोनमध्ये, कारण माझ्याकडून ‘माझ्यासाठी’ खोडलेला संदेश त्यांच्याकडे तसाच असतो.

दुसरी अडचण नावाची. पडद्यावर वर जे नाव दिसते ते आपणच जतन केलेले असते. मी माझ्या मुलाचा क्रमांक कुणाही शेठच्या नावाने जतन केला तर प्रिंटमध्ये तो शेठच बोलताना दिसेल. भाचीच्या ३८ पानांपैकी एकाही पानावर क्रमांक नव्हता. प्रतिवादीने ‘हा क्रमांक माझा नाही’ असे एका ओळीत लिहून टाकले, आणि आम्हाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

कायदा काय मागतो ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि जुन्या ६५-ब कलमाचे काम आता कलम ६३ करते. फोनमधली माहिती प्रिंट किंवा पेनड्राइव्हवर देणार असाल तर सोबत प्रमाणपत्र हवे. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा: फोनची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक, फोन माझ्या ताब्यात होता आणि नीट चालत होता हे कथन. दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. ही तज्ज्ञाची सही नव्या कायद्याची भर आहे.

त्यातच एक रकाना हॅश किमतीचा आहे. फाइल एका ठरलेल्या गणिती रीतीतून काढली, जसे SHA256, की तिची ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळते. फाइलमधला एक पूर्णविराम जरी बदलला तरी ती सगळी ओळ बदलते. आमच्या ताडणी करणाऱ्याचे बोट म्हणा ना. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: ही ओळ काढल्यानंतर फाइल बदललेली नाही एवढेच तिने कळते. त्याआधी कुणी संदेश खोडले असतील तर हॅश मुकाट्याने त्या खोडलेल्या अवस्थेचीच ओळ देतो. म्हणून फोनची गरज प्रमाणपत्राने पुरती संपत नाही.

मूळ यंत्रच हजर केले तर काय, याचे उत्तर आपल्या मराठवाड्यातल्या प्रकरणातून आले आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतले गेले का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण ज्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर माहिती पहिल्यांदा साठली, त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते यंत्र दाखवून सिद्ध करत असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही. त्याच खटल्यात अधिकाऱ्यांकडे वारंवार लेखी मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. ज्याने आपल्या हातातले सगळे प्रयत्न केले त्याच्याकडून अशक्य गोष्ट मागता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. निकाल जुन्या कायद्यावरचा आहे, पण अस्सल आणि नक्कल हा फरक नव्या कायद्यातही कायम आहे.

कट्ट्यावर कुणी ग्वाल्हेर खंडपीठाचे २०२५ चे प्रकरण पुढे करतो. तिथे पतीने मिळवलेले पत्नीचे व्हॉट्सअॅप संदेश चालले, मग आमचे का नाही? तो वाद कौटुंबिक न्यायालयातला होता. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ त्या न्यायालयाला एरवी न चालणारा कागदही उपयोगी वाटल्यास घेऊ देते. पैशांच्या दाव्याला ती सवलत नाही.

आता भाचीची खरी चूक. दिवाळीत तिने जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. गप्पा बॅकअपमधून नव्या फोनवर उतरल्या, म्हणून तिला वाटले काहीच गेले नाही. पण ज्या यंत्रात ते संदेश पहिल्यांदा आले ते आता कुणाच्या हातात आहे, त्याचा पत्ता नाही. व्हॉट्सअॅपकडे मागावे म्हटले तर पोहोचलेले संदेश त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतच नाहीत. तेव्हा मालकाने मूळ फोन घेऊन उभे राहण्याची वाट तिच्यापुरती बंद झाली.

उरले ते वकीलसाहेबांनी नेटाने केले. प्रमाणपत्र नव्या फोनचे भरले आणि त्यात स्पष्ट लिहिले की संदेश बॅकअपमधून आले आहेत. जुना फोन कधी, कसा दिला तेही लिहिले, कारण हे लपवले असते तर उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नात उघडे पडले असते. क्रमांक दिसणाऱ्या पानाचे प्रिंट जोडले. मग बँकेचा प्रमाणित उतारा आणला. त्यात १४ मार्चला त्याच गृहस्थांच्या खात्यातून ४०,००० आलेले दिसतात, आणि गप्पांमध्ये त्याच दिवशी ‘४० भेजे, देख लेना’ असा संदेश आहे. अशा तीन जागा जुळल्या. ‘क्रमांक माझा नाही’ हे म्हणणे यानंतर टिकवणे अवघड आहे. आणि त्या ५० ताटांसाठी, प्रतिवादीने स्वतःचा फोन हजर करावा असा अर्ज दिला आहे. मधले दोन संदेश खरोखर असतील तर ते तिथे असलेच पाहिजेत.

तज्ज्ञाची सही मिळवताना मात्र आमचा जीव मेटाकुटीला आला. तीन ठिकाणी फिरलो. एकाने तर फोन न पाहताच सही करायची तयारी दाखवली. अशा सहीला उलटतपासणीत काय किंमत उरणार? मूळ न पाहता नकलेवर शिक्का मारणाऱ्याला आमच्या विभागात घरी पाठवले असते. आपल्या पत्रामार्फत माझी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विनंती आहे, की न्यायालयाच्या आवारात आठवड्यातून एक दिवस तरी असा तज्ज्ञ बसवावा, जो पक्षकारासमोर फोन उघडून पाहील, हॅश काढेल आणि माफक शुल्कात दुसरा भाग भरून देईल. पोळ्या लाटून पोट भरणाऱ्या बाईला हे स्वतःहून जमणार नाही.

आणि ज्यांचे पैसे, भाडे, मजुरी आज अशा गप्पांवर अडकली आहे त्यांनी कृपा करून तो फोन विकू नये, बदलू नये, फॅक्टरी रीसेट करू नये. त्या गप्पांमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती आजच बंद करावी, नाहीतर ९० दिवसांत, कधी ७ दिवसांत, कधी २४ तासांत सगळे जाते. स्वतःला अडचणीचा वाटणारा संदेशही खोडू नये. पडदा फुटला असला तरी फोन कपाटात ठेवावा, अधूनमधून चार्ज करावा, खरेदीची पावती आणि आयएमईआय लिहिलेला खोका सोबत ठेवावा. भाचीकडे जुन्या फोनचा खोका अजून आहे. त्यावरचा क्रमांक आम्ही प्रतिज्ञापत्रात लिहिला आहे. प्रतिवादीच्या फोनच्या अर्जावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
रामबाग, इंदूर