दुधाची पिशवी आणि सिंहगड

पुणे, रविवार

प्रिय मंजू,

तुझा दिवाळी अंकाचा लेख परवाच मिळाला. फोनवर सांगितलं असतं, पण तू लगेच "बरं, काढून टाकते" म्हणतेस आणि चांगलं आहे तेही काढून टाकतेस. म्हणून पत्र लिहिते. बारा वर्षं हाच संधिवात माझ्याही अंगात आहे, तेव्हा जरा हक्कानेच लिहिते.

तुझी सुरुवात आहे, "नियतीने माझ्यावर घाला घातला." शेवट आहे, "आज मी आजारावर मात करून सिंहगडाच्या माथ्यावर उभी आहे." या दोन वाक्यांच्या मध्ये तू कुठे आहेस ते मी शोधत होते. चौथ्या पानावर सापडलीस. पहाटेची वेळ, दुधाची पिशवी आलेली, कात्रीच्या कडीत अंगठा जात नाही. तू पिशवीचा कोपरा दातांनी फाडलास आणि अर्धं दूध ओट्यावर सांडलं. पुसायला फडकं घेतलंस, पण ते पिळता येईना. मग फडकं दुधात तसंच टाकून त्यावर हात ठेवून उभी राहिलीस, कारण दूध कोमट होतं आणि बोटांना बरं वाटत होतं. मंजू, हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कोमट दुधात हात ठेवून उभं राहावंसं वाटतं, हे फक्त आपल्या आजाराच्या माणसालाच ठाऊक असणार. आणि लगेच पुढे तू लिहितेस, "माझ्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले." ते वाक्य काढ. रडली नसशील असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य कुठल्याही आजाराच्या, कुठल्याही दुःखाच्या लेखात चालून जाईल. त्या वाक्यापाशी वाचणारा तुझ्या बोटांकडे बघायचं सोडून तुझी कीव करायला लागतो.

आता सिंहगड. त्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे नुसती भाषेची चूक नाही, हकीकतच चुकलीय.

तू लिहिलंयस की निदान झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात प्राणायाम आणि निश्चय यांच्या जोरावर फरक पडू लागला. तुझी फाइल मी पाहिली आहे, आठवतं ना? मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. ते लागू पडायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर माणसाला हलता-चालता यावं म्हणून डॉक्टरांनी सोबत प्रेडनिसोलोन दिलं होतं, रोज 10 मिलिग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात तुझी मूठ वळायला लागली ती त्या स्टिरॉइडने. पुढे तो डोस हळूहळू उतरवला, तेव्हा मधले पंधरा दिवस पुन्हा वाईट गेले. ते पंधरा दिवस लेखात नाहीतच. मग मेथोट्रेक्सेटने पकड घेतली आणि आठव्या महिन्यात तू आतकरवाडीच्या वाटेने गड चढलीस. प्राणायामाने तुला झोप लागत होती, हेही खरं आहे, ते लिही. पण झोपेचं श्रेय झोपेपुरतं ठेव.

तू म्हणशील, एवढा काथ्याकूट कशाला? माझ्या शेजारच्या इमारतीत एक मुलगी आहे, तिला मेथोट्रेक्सेट पुरलं नाही. दुसरी गोळी जोडली, तीही पुरली नाही, आता बायोलॉजिक इंजेक्शनचा खर्च जुळवताहेत. तिने तुझा लेख वाचला तर तिला एकच अर्थ लागेल: मंजूताईंचा निश्चय पक्का होता, माझा कमी पडला. दुसरी कुणी वाचेल आणि दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडून देईल. मीही सोडल्या होत्या तिसऱ्या वर्षी, आणि उजव्या मनगटाचा सांधा त्या वर्षात गेला तो गेलाच.

सिंहगड काढू नकोस. पूर्ण लिही. वर झुणका-भाकर खाल्लीस, दही खाल्लंस, आणि उतरताना गुडघ्याने ऐकलं नाही म्हणून वरून जीपने खाली आलीस. सोमवार, मंगळवार रजा. तू मला त्या मंगळवारी फोन केलास तेव्हा आवाजात आनंद होता आणि घोटे सुजलेले होते. दोन्ही एकाच वाक्यात येऊ देत. "पण" घालून एकाला दुसऱ्याच्या वर बसवू नकोस.

आर्थर फ्रँक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आजाराच्या गोष्टींचे तीन साचे सांगितले आहेत. त्याला स्वतःला ऐन उमेदीत हृदयविकाराचा झटका आणि मग कर्करोग झाला होता. त्यातला सगळ्यांना आवडणारा साचा म्हणजे काल बरा होतो, आज आजारी आहे, उद्या पुन्हा बरा होईन. आपल्या आजाराचा "उद्या" असा येत नाही. तुझा लेख मात्र "झालं, सोसलं, लढले, जिंकले" असा भूतकाळात धावतो, आणि तसं धावणारी गोष्ट कुठेतरी जिंकूनच थांबते. मी माझा लेख लिहिताना अशीच अडले होते. मग "लागतं, होतं, करते" अशा क्रियापदांत लिहून पाहिलं. "सकाळी मूठ वळायला तास लागतो. कुकरचं झाकण हे काढतात. कणीक मी आठ वाजल्यानंतरच मळते." त्यात रडणंही शिरेना आणि शौर्यही.

एक आठवडाच घे. आपला आठवडा तसाही शनिवारी सुरू होतो. शनिवारी रात्री गोळी, रविवारी तोंडाची चव गेलेली आणि अंग जड, सोमवारी फॉलिक ॲसिड, मंगळवार-बुधवार सगळ्यांत चांगले, म्हणून बँकेची कामं, पाहुणे, लोणच्याची बरणी उघडणं सगळं बुधवारी. लिव्हरची तपासणी ज्या आठवड्यात असते तोच निवडलास तर रिपोर्टची वाट बघणंही आपोआप येईल. दुधाची पिशवी त्यात बसेल. सिंहगड बुधवारच्या एखाद्या आठवणीत बसेल.

आणि सासूबाई. "त्यांना माझं दुखणं कधी कळलंच नाही" असं तू लिहिलंस. त्यांनी "या वयात कसला संधिवात" म्हटलं होतं ते मला माहीत आहे. पण तुझ्या नळाला लांब दांड्याची तोटी बसवून घेतली तीही त्यांनीच, तुला न विचारता. दोन्ही लिही आणि निकाल देऊ नकोस.

शीर्षक "वेदनेकडून विजयाकडे" आहे ते संपादकांनी सुचवलंय का? तसं असेल तर त्यांच्याशी मी बोलते, माझी ओळख आहे.

दुसरा खर्डा झाला की पाठव. वाचून बुधवारी फोन करीन. रविवारी माझ्या डोक्यात काही शिरत नाही, हे पत्रसुद्धा सकाळपासून चार बैठकांत झालंय. तुझ्या रक्ताच्या तपासण्या या महिन्यात आहेत ना? एसजीपीटी किती आलं ते कळव.

तुझी,
सुधा