पासबुकातल्या एका ओळीत अडकलेला दिवसभराचा गल्ला

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

मी पुण्यात पथारीवाल्या भाजीविक्रेत्यांचे रोजचे हिशेब जुळवून देतो. क्यूआरवर घेतलेले पैसे खात्यात जमा होताना जो गोंधळ होतो, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. त्यातला बराचसा गोंधळ आपल्या एका आदेशाने मिटेल, असं मला मनापासून वाटतं.

यूपीआयचे पैसे लगेच जमा होतात, असा सगळ्यांचा समज आहे. क्यूआर विक्रेत्याच्या स्वतःच्या खात्याला थेट जोडलेला असेल, तर ते खरंही आहे. अशा वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी नोंद पासबुकात उमटते. पण साउंडबॉक्ससोबत मिळणारा क्यूआर बऱ्याचदा पेमेंट कंपनीचा असतो. त्यावरचे पैसे आधी कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात आणि तिथून एकगठ्ठा, बहुधा दुसऱ्या दिवशी, विक्रेत्याला मिळतात. डबा ‘पैसे मिळाले’ म्हणतो, तेव्हा पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघालेले असतात, पण विक्रेत्याच्या खात्यात आलेले नसतात. मार्केट यार्डात माल मात्र पहाटे घ्यावा लागतो. कालचा गल्ला दहा-अकरा वाजता जमा झाला, तर पहाटेच्या खरेदीला त्याचा उपयोग नाही. मग पहाटे उसनवारी होते.

उशीर एक वेळ सोसता येतो, हिशेब न लागणं त्याहून वाईट. एका भाजीवाल्या मावशींचं उदाहरण देतो. बुधवारी ॲपमध्ये दिवसभराची विक्री दिसली ४,८६० रुपये. गुरुवारी खात्यात आले ४,२५५. म्हणजे ६०५ रुपये कमी. मावशी म्हणाल्या, “कुणीतरी खाल्ले.” शोधल्यावर कळलं की कंपनीचा दिवस रात्री नऊला संपतो आणि ॲपमधली बेरीज मध्यरात्रीपर्यंतची असते. बुधवारी नऊनंतर आलेले ५४० रुपये पुढच्या गठ्ठ्यात गेले होते, आणि मंगळवारी नऊनंतरचे ३१० रुपये या गठ्ठ्यात आले होते. याचा फरक २३०. उरलेल्या ३७५ रुपयांत २५० रुपये ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता होता आणि १२५ रुपये साउंडबॉक्सचं भाडं. दोन्ही रकमा पैसे खात्यात येण्याआधीच कापल्या होत्या. पासबुकात यातलं काहीही नव्हतं. फक्त ४,२५५ जमा, एवढी एकच ओळ.

हिशेब अखेर लागला, म्हणून हे किरकोळ ठरत नाही. रोज काही ना काही फरक पडतोच, म्हणून विक्रेता त्याकडे बघणं सोडून देतो. मग एखाद्या दिवशी नव्वद रुपयांचं एक पेमेंट खरोखरच अडकलं, तरी ते त्या फरकात बेमालूम दडून जातं.

अशा वेळी गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवरचा बारा आकडी यूपीआय क्रमांक दाखवतं. मावशी तो घेऊन बँकेत जातात. तिथे सांगतात, असा क्रमांक तुमच्या खात्यात नाही. बँकेचा कर्मचारी खोटं बोलत नसतो. खात्यात आलेल्या गठ्ठ्याला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि गिऱ्हाइकाचा क्रमांक मावशींच्या पासबुकात कधी येतच नाही. दोन्ही क्रमांकांचा मेळ फक्त कंपनीच्या सेटलमेंट अहवालात असतो. तो ॲपमध्ये सहसा दोन-तीन पायऱ्या आत, बऱ्याचदा इंग्रजीत आणि डाउनलोड करायच्या फाइलमध्ये असतो. मीही आधी तोच अहवाल उघडतो, गठ्ठा कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा आहे ते बघतो आणि मगच बेरीज करतो. पहाटे चारला उठणाऱ्या बाईकडून रोज ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

सप्टेंबर २०१९ च्या आपल्या परिपत्रकाने गिऱ्हाइकाला चांगलं संरक्षण दिलं. खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याकडे पैसे मिळाल्याचा संदेश पोहोचला नाही, तर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. विक्रेत्याच्या गठ्ठ्याला उशीर झाला, तर त्याच्यासाठीही अशीच दिवसागणिक भरपाई हवी.

माझी मुख्य मागणी याहून साधी आहे. कंपनीने विक्रीची पूर्ण रक्कम खात्यात जमा करावी. हप्ता आणि भाडं त्यानंतर, वेगळ्या नावाने, वेगळ्या ओळीत वजा व्हावं. जमा झाल्याच्या एसएमएसमध्ये गठ्ठा कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा आणि त्यात किती पेमेंट, हे मराठीत यावं. आणि गठ्ठा बंद करण्याची वेळ विक्रेत्याला स्वतः ठरवता यावी. भाजीवाल्यांना ती दुकान आवरायच्या वेळेची हवी आहे आणि पैसे मार्केट यार्ड उघडण्याआधी खात्यात हवे आहेत.

आपला नम्र,
पथारीवाल्यांचा एक हिशेबनीस, पुणे